दरमहा 25,000 हवेत, तर निवृत्तीला हाती किती असावेत?

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्या जुन्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पेन्शन खात्यात येते, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात किंवा ऑइल मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचं तसं नसतं. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कधीकाळी घेऊन ठेवलेला एखादा प्लॉट विकून आलेले पैसे, असं सगळं मिळून एक रक्कम हातात येते. तिच्यातूनच दर महिन्याला घर चालवायचं असतं. त्यामुळे ती रक्कम किती असली म्हणजे पुरेल, हे निवृत्तीच्या आधी कळलेलं बरं.

एक उदाहरण धरू. नाना 60 वर्षांचे आहेत. डाळ मिलमध्ये हिशेब लिहायचे, आता थांबताहेत. पीएफ खात्याची तुटपुंजी पेन्शन धरूनही दोघा नवरा-बायकोला दरमहा आणखी 25,000 रुपये लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. हे पैसे 85 व्या वर्षापर्यंत, म्हणजे 25 वर्षं, 300 महिने मिळत राहिले पाहिजेत. शिल्लक रकमेवर वर्षाला 7.2 टक्के, म्हणजे महिन्याला 0.6 टक्के व्याज मिळेल असं समजू. दर कुठून आणायचा, ते पुढे बघू.

बहुतेक घरांत या प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर सरळ गुणाकाराचं. 25,000 गुणिले 300, म्हणजे 75 लाख. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि विषयच सोडून देतो. दुसरं उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांचं असतं: “मुद्दलले हात लावू नको.” म्हणजे नुसत्या व्याजावर जगायचं. महिन्याला 0.6 टक्क्याने 25,000 व्याज हवं असेल तर मुद्दल 41 लाख 67 हजार लागतं. ते कायम राहतं आणि शेवटी मुलांना मिळतं.

नानांच्या प्रश्नाचं उत्तर या दोन्हींहून कमी आहे: 34 लाख 74 हजार 207 रुपये. एवढी रक्कम असेल तर 300 महिने 25,000 निघतात आणि 300 व्या महिन्याला खातं बरोबर शून्यावर येतं. 75 लाखांच्या हिशेबात व्याज धरलेलंच नाही. 41 लाख 67 हजारांच्या हिशेबात व्याज आहे, पण मुद्दल वापरायला बंदी आहे. नानांना दोन्ही हवं आहे. शिल्लक रकमेवर व्याज मिळत राहावं आणि मुद्दलही हळूहळू संपत जावं.

हे समजून घ्यायला घरकर्ज उलटं करून बघा. बँक आपल्याला कर्ज देते, आपण दर महिन्याला ठरावीक हप्ता भरतो. त्यातला काही भाग व्याजात जातो, काही मुद्दलात, आणि मुदत संपली की कर्ज शून्य होतं. इथे नाना बँकेच्या जागी आहेत. रक्कम त्यांनी दिली आणि हप्ता त्यांच्याकडे येतो. गणित तेच. म्हणून मोबाईलवरचं कुठलंही घरकर्जाचं कॅल्क्युलेटर इथे चालतं. कर्ज 1 लाख, दर 7.2, मुदत 25 वर्षं घातली तर हप्ता साधारण 720 रुपये येतो. म्हणजे हातातल्या प्रत्येक लाखामागे महिन्याला 720 रुपये काढता येतात. 25,000 ला 720 ने भागलं की पावणेपस्तीस लाखांच्या आसपासचा आकडा मिळतो. संगणकावर एक्सेल असेल तर एकाच ओळीत उत्तर येतं:

```
=PV(0.072/12, 300, -25000)
```

आता पहिले काही महिने जवळून पाहू. सुरुवातीला 34,74,207 रुपये आहेत. महिनाअखेर त्यावर 20,845 रुपये व्याज जमा होतं. नाना 25,000 काढतात. म्हणजे मुद्दलातून फक्त 4,155 गेले आणि 34,70,052 उरले. दुसऱ्या महिन्याचं व्याज किंचित कमी, 20,820 रुपये. पुन्हा 25,000 काढले, उरले 34,65,872. तिसऱ्या महिन्याचं व्याज 20,795. दर महिन्याला व्याज थोडं घटतं आणि मुद्दलातून जाणारा भाग तेवढाच वाढतो. शेवटच्या, 300 व्या महिन्याच्या सुरुवातीला खात्यात 24,851 रुपये असतात, त्यावर 149 रुपये व्याज मिळतं आणि 25,000 पूर्ण होतात. (हा हिशेब महिनाअखेर पैसे काढण्याचा आहे. पहिले 25,000 पहिल्याच दिवशी हवे असतील, तर सुरुवातीला सुमारे 21 हजार जास्त लागतील.)

34 लाख 74 हजार हा आकडा कसा तयार होतो, हे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं, आणि मला ती बाजू जास्त उपयोगाची वाटते. नानांनी पहिल्याच दिवशी 300 पाकिटं तयार केली, प्रत्येक महिन्याचं एक, असं समजा. पहिल्या महिन्याच्या पाकिटात 24,851 रुपये टाकायचे. महिन्याभरात त्याचे 25,000 होतात. 300 व्या पाकिटाला वाढायला मात्र पुरी 25 वर्षं मिळणार आहेत. त्यात आज किती टाकावे लागतील? फक्त 4,155 रुपये. 0.6 टक्क्याने 300 महिने वाढत गेल्यावर त्यांचेच 25,000 होतात. सगळ्या 300 पाकिटांतल्या आजच्या रकमांची बेरीज म्हणजे 34,74,207. म्हातारपणाच्या अगदी शेवटच्या महिन्यांची तरतूद आज फार स्वस्तात होते, कारण तिच्यातलं बहुतेक काम काळ करतो. पण त्या पाकिटाला मध्येच हात लावला नाही तरच.

वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याची किंमतही यातून कळते. मुद्दलाला अजिबात हात न लावण्यासाठी 6 लाख 92 हजार जास्त लागतात. तेवढ्या जादा पैशात पैसे कधीच संपत नाहीत, 85 च्या पुढेही 25,000 येत राहतात. ज्यांना ते शक्य आहे त्यांनी जरूर करावं, कारण आपण किती जगणार हे कुणाला माहीत नसतं. ज्यांना शक्य नाही त्यांनी मात्र मुद्दल वापरतोय म्हणून मनाला लावून घेऊ नये. ठरवून, मोजून वापरलेलं मुद्दल म्हणजे उधळपट्टी नव्हे.

आता या हिशेबातली सगळ्यात फसवी गोष्ट. शिल्लक सरळ उतारावरून उतरावी तशी कमी होत नाही. सुरुवातीला ती जवळजवळ हलत नाही, आणि शेवटी धडाधड कोसळते. नानांची शिल्लक 10 वर्षांनी 27 लाख 47 हजार असते. तोवर त्यांनी एकूण 30 लाख काढलेले असतात, पण रक्कम घटलेली असते सव्वासात लाखांनी. 15 वर्षांनी 21 लाख 34 हजार. मूळ रकमेच्या निम्म्यावर यायला तब्बल साडेसतरा वर्षं लागतात. 20 वर्षांनी 12 लाख 57 हजार उरतात, आणि मग राहिलेल्या पाच वर्षांत ते सगळे संपतात.

म्हणून पहिल्या काही वर्षांत पासबुक बघणाऱ्याला वाटतं, पैसा भरपूर आहे, काही होत नाही. आणि नेमकं याच वर्षांत घरातून मागणी येते. नानांच्या मुलाची यावल तालुक्यात केळी आहे. तिकडे पाणी खोल खोल चाललंय, जुनी बोअर आटली. तिसरं वर्ष संपताना तो म्हणाला, “नाना, नवीन बोअर आणि ठिबकला 5 लाख लागतील. खात्यात 33 लाख आहेत, एवढ्याने काय फरक पडणार?” हिशेब साधा वाटतो. 5 लाख म्हणजे 20 महिन्यांचे 25,000. म्हणजे पैसे 20 महिने आधी संपतील, इतकंच ना?

तसं होत नाही. तिसऱ्या वर्षअखेर नानांकडे 33 लाख 8 हजार असतात आणि 264 महिने बाकी असतात. 5 लाख काढल्यावर 28 लाख 8 हजार उरतात, आणि त्यातून दरमहा 25,000 काढत राहिलं तर ते पुरतात 187 महिने. 77 महिने, म्हणजे जवळजवळ साडेसहा वर्षं गेली. पैसे 85 व्या वर्षाऐवजी साडेअठ्ठ्याहत्तराव्या वर्षी संपतील. कारण पाकिटांत आहे. ते 5 लाख पुढच्या 20 महिन्यांच्या पाकिटांतून गेलेच नाहीत. पुढच्या महिन्यांचे 25,000 तर नाना घेतच आहेत. ते गेले शेवटच्या पाकिटांतून, जिथे आज प्रत्येकी थोडे थोडेच रुपये आहेत. म्हणून 5 लाख भरायला शेवटची 77 पाकिटं रिकामी करावी लागली.

महिन्याची रक्कम वाढवली तरी असंच होतं. पहिल्यापासून 25 ऐवजी 30 हजार काढले, म्हणजे फक्त पाच हजार जास्त, तर तीच 34 लाख 74 हजारांची रक्कम साडेसोळा वर्षांत संपते.

आता व्याजदराकडे. 7.2 हा आकडा मी धरला आहे, कुणी 25 वर्षांसाठी लिहून दिलेला नाही. एफडीचा दर मुदतीपुरताच पक्का असतो. 2020-21 मध्ये मोठ्या बँकांच्या पाच वर्षांच्या एफडीचे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले होते. त्या वेळी ज्यांची मुदत संपली, त्यांना खाली उतरलेल्या दरानेच पैसे पुन्हा ठेवावे लागले. नानांना सरासरी 7.2 ऐवजी 6 टक्के मिळाले, तर 34 लाख 74 हजार 25 वर्षं पुरत नाहीत. 19 वर्षं 10 महिन्यांत संपतात. 6 टक्क्याने 25 वर्षं पुरवायचे तर सुरुवातीला 38 लाख 80 हजार लागतील. शिवाय हिशेबात घालायचा दर कर वजा करून हातात उरणारा असतो. ज्यांना व्याजावर कर बसतो, त्यांनी जाहिरातीतला दर घातला की पहिल्या पावलालाच हिशेब चुकला.

दुसरी अडचण व्यवहारातली. आपल्याकडच्या पोस्टाच्या योजना व्याज देतात, पण मुद्दल थोडं थोडं परत करत नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षांची, व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं टिकतो. एप्रिल 2023 मध्ये हा दर 8.2 टक्के झाला. त्या दराने 30 लाखांवर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये येतात. नानांना हवेत 25,000. उरलेले 4,500 बाहेरून भरावे लागतात, पाच वर्षांत एकूण 2 लाख 70 हजार. म्हणून नानांनी 30 लाख पोस्टात आणि 4 लाख 74 हजार बँकेत छोट्या छोट्या एफडींत ठेवावेत. दर महिन्याची तूट त्या छोट्या भागातून भरायची. मुद्दल कमी होण्याचं काम तिथे होतं आणि मोठी रक्कम मोडावी लागत नाही. पाच वर्षांनी मुदत संपली की त्या वेळच्या दराने पुन्हा हीच वाटणी करायची. तिमाही व्याज महिन्यांत वाटून घ्यायची शिस्त मात्र पाळावी लागते, नाहीतर पहिला महिना सुखाचा आणि तिसरा ओढाताणीचा जातो.

म्युच्युअल फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढण्याची सोय आहे, तिला एसडब्ल्यूपी म्हणतात. तिथे मुद्दल आपोआप कमी होतं, पण परतावा दरवर्षी वेगळा असतो, आणि घसरण केव्हा येते याला फार महत्त्व आहे. नानांची सगळी रक्कम शेअर बाजारात असती आणि पहिल्याच दिवशी ती 20 टक्क्यांनी उतरली असती, तर नंतर कायम 7.2 टक्के मिळूनही पैसे 300 ऐवजी 184 महिनेच पुरले असते. तीच 20 टक्क्यांची घसरण 20 वर्षांनी आली, तर राहिलेल्या 60 महिन्यांचे 46 होतात. एकीकडे 116 महिन्यांचं नुकसान, दुसरीकडे 14. म्हणून निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांचे पैसे बाजारात ठेवणं मला पटत नाही. एजंट सरासरी परतावा दाखवतो, पण पैसे काढणाऱ्या माणसाला सरासरीपेक्षा घसरण कुठल्या वर्षी आली हे जास्त भोवतं.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा महागाईची. वरचा सगळा हिशेब दरमहा ठरावीक 25,000 चा आहे. महागाई वर्षाला 6 टक्के राहिली, तर 12 वर्षांनी त्या 25,000 मध्ये आजच्या निम्माच बाजार होईल. शेवटी, 85 व्या वर्षी, त्यांची किंमत आजच्या 5,800 रुपयांएवढी असेल. औषधांचा खर्च वाढतो त्याच वयात. दरवर्षी काढायची रक्कम 6 टक्क्यांनी वाढवायची, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला 25,000, दुसऱ्या वर्षी 26,500, अशी, तर सुरुवातीला 34 लाख 74 हजार नव्हे, 61 लाख 64 हजार लागतात. नानांकडे तेवढे नाहीत. त्यांच्या रकमेतून वाढत जाणारी रक्कम काढायची, तर सुरुवात महिन्याला 14,090 पासून करावी लागेल.

इथे कुठलीही युक्ती कामाला येत नाही, फक्त वेळ येतो. नानांना मिलमध्ये अजून पाच वर्षं अर्धवेळ काम मिळालं आणि त्यांनी रकमेला हातच लावला नाही, तर ती 49 लाख 74 हजार होते. मग 65 व्या वर्षापासून 85 पर्यंत, दरवर्षी 6 टक्के वाढवत, महिन्याला 24,400 पासून सुरुवात करता येते. पाच वर्षांनंतरचे 24,400 म्हणजे आजचे सव्वाअठरा हजार, हे लक्षात ठेवायचं. तरी 14,090 पेक्षा ते पुष्कळ बरे. ज्याचं शरीर साथ देतंय आणि ज्याला काम मिळतंय, त्याने पैसे काढायला सुरुवात करण्याची तारीख पुढे ढकलावी, असं मी मनापासून सांगेन.

हा हिशेब एकदा करून कपाटात ठेवायचा नसतो. आपल्याकडे आखाजीला सालदाराचा वर्षाचा हिशेब होतो. त्याच सुमारास 31 मार्चचं स्टेटमेंट हातात असतं. तेव्हा सगळ्या खात्यांतली शिल्लक एकत्र मांडायची आणि त्या वर्षी ती किती असायला हवी होती, त्याच्याशी ताडून बघायची. नानांसाठी 5 वर्षांनी 31 लाख 75 हजार, 10 वर्षांनी 27 लाख 47 हजार, 15 वर्षांनी 21 लाख 34 हजार, 20 वर्षांनी 12 लाख 57 हजार. “पैसे कमी झाले का?” हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे, ते कमी होणारच आहेत. ठरल्यापेक्षा जास्त कमी झाले का, एवढंच बघायचं.

झाले असतील तर काढायची रक्कम नव्याने ठरवायची. बोअरला 5 लाख दिल्यानंतर नानांकडे 28,07,808 रुपये आणि 264 महिने होते:

```
=PMT(0.072/12, 264, -2807808)
```

उत्तर येतं 21,221. त्याच महिन्यापासून 25,000 ऐवजी 21,221 काढले, तर पैसे पुन्हा 85 पर्यंत पुरतात. हा आकडा मुलासमोर ठेवला की बोलणं सोपं होतं. बोअरचं पाणी लागलं आणि केळीला भाव मिळाला, तर त्याने दर महिन्याला 3,779 रुपये आई-वडिलांच्या खात्यात टाकायचे, आणि ते हंगामापुरते नव्हे, पुरते 264 महिने.